विषय : भौतिकशास्त्राच्या गुणतक्त्यातील सरासरी पुन्हा तपासण्याबाबत

दि. १२ फेब्रुवारी

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

काल फलकावर लावलेल्या गुणतक्त्यात माझी सरासरी १४.२० दिली आहे. ती चुकीची निघाली असावी असे मला वाटते, म्हणून हे पत्र. उत्तरपत्रिकांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सहाही चाचण्यांचे गुण माझ्या उत्तरपत्रिकांवर आहेत तेच तक्त्यात आहेत, एकही आकडा चुकलेला नाही. शंका आहे ती फक्त शेवटच्या रकान्याबद्दल.

माझे गुण (प्रत्येकी २० पैकी) असे आहेत : १४, १२, १८, १५, १३ आणि १७. तिसऱ्या चाचणीला मी आजारी होते. त्यातले १८ गुण आपण नंतर घेतलेल्या फेरचाचणीचे असल्याने तक्त्यात त्यांच्यापुढे तारा आहे. सहांची बेरीज ८९ होते आणि ८९ ला ६ ने भागल्यावर १४.८३ येतात. आधी वाटले, माझेच कुठेतरी चुकत असेल, म्हणून कागदावर दोनदा आणि कॅल्क्युलेटरवर एकदा करून पाहिले. मग उलट्या बाजूने गेले : १४.२० येण्यासाठी काय करावे लागेल? १८ सोडून उरलेल्या पाच गुणांची बेरीज ७१ आणि ७१ भागिले ५ म्हणजे नेमके १४.२०. म्हणजे फेरचाचणी ना बेरजेत आली, ना भागाकारात. ती शून्य धरली असती तर ७१ भागिले ६ म्हणजे ११.८३ आले असते, तसेही झालेले नाही.

तारा नसलेल्या तीन ओळीही मी पडताळून पाहिल्या. त्यांची सरासरी बरोबर जुळते, त्यामुळे सूत्राची कक्षा चुकलेली नसावी. छापील तक्त्यात बाकीचे आकडे चौकटीच्या उजव्या कडेला आहेत आणि 18* मात्र डावीकडे सरकलेले आहे. स्प्रेडशीट मजकूर आपणहून डावीकडे लावते आणि संख्या उजवीकडे, म्हणून तारा लागल्यामुळे ते 18 मजकूर धरले गेले असावे. AVERAGE अशा मजकुराच्या चौकटी काही न सांगता वगळते, त्यामुळे पडद्यावर चूक दिसतही नाही. मूळ फाइल माझ्याकडे नाही, तेव्हा हा अंदाजच आहे. माझी ओळ १४ वी असून गुण B ते G या रकान्यांत असतील, तर कुठल्याही रिकाम्या चौकटीत पुढील सूत्र घालून खात्री करता येईल :

```
=COUNT(B14:G14)
```

उत्तर 6 आले तर माझा तर्क चुकला. 5 आले तर एक गुण मोजला गेलेला नाही. तसे असेल तर चौकटीत फक्त 18 ठेवून तारा शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात नेला तरी पुरे.

फरक ०.६३ चाच आहे. पण अंतर्गत गुणांसाठी सरासरी जवळच्या पूर्णांकात धरली जाईल असे आपण सांगितले होते, त्यामुळे १५ ऐवजी १४ होतात.

एक गोष्ट लिहू की नको, असे बराच वेळ वाटत होते. तारा असलेले आम्ही चौघे आहोत. त्यांत माझी एक मैत्रीण आहे. तिला फेरचाचणीत ९ गुण आहेत आणि बाकी पाच १६, १५, १४, १७ व १५. तिची सरासरी १५.४० दाखवली आहे, पण ९ धरले तर ८६ भागिले ६, म्हणजे १४.३३. माझ्या पत्रामुळे तिचा एक गुण कमी होईल, म्हणून पाठवण्याआधी तिला विचारले. ती दोन मिनिटे गप्प बसली आणि मग म्हणाली, "लिही, आणि माझे आकडेपण दे." तिच्या संमतीनेच ते इथे देत आहे. उरलेल्या दोघांच्या ओळी मी तपासलेल्या नाहीत. चौघांच्याही एकदम पाहाव्यात, अशी विनंती आहे.

गुण शुक्रवारी कार्यालयाकडे जाणार आहेत, त्याआधी आपल्याला वेळ झाला तर बरे होईल. मधल्या सुट्टीत मी सहाही उत्तरपत्रिका घेऊन शिक्षक-कक्षापाशी येईन. फेरचाचणीची उत्तरपत्रिका सगळ्यात वर ठेवते.

आपली विद्यार्थिनी,
अनघा
हजेरी क्रमांक १२