गिरणी व मसाला कांडप परवान्याच्या नस्तीतील टिप्पण्या पाहू देण्याबाबत जन माहिती अधिकाऱ्यांना पत्र

दिनांक : १ डिसेंबर २०२५
इंदूर

प्रति,
मा. जन माहिती अधिकारी,
परवाना शाखा (व्यवसाय व उद्योग)

विषय : माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये पीठगिरणी व मसाला कांडप परवान्याच्या मूळ नस्तीचे, विशेषतः टिप्पणी विभागाचे, निरीक्षण करू देण्याबाबत.

संदर्भ : माझा परवाना अर्ज दि. ११ फेब्रुवारी २०२५. स्थळ पाहणी दि. २० मार्च २०२५. आपल्या शाखेचे त्रुटी-पत्र दि. १७ एप्रिल २०२५; माझी त्रुटी-पूर्तता दि. २८ एप्रिल २०२५.

महोदय/महोदया,

सोबत जोडपत्र ‘अ’ मधील रीतसर अर्ज जोडला आहे. महाराष्ट्राच्या २०१२ च्या दुरुस्ती नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांचा असावा लागतो, म्हणून तो मुद्दाम आटोपशीर ठेवला आहे. माझी मागणी त्या अर्जातच आहे. काय दाखवायचे याबद्दल कोणाचा गैरसमज राहू नये, एवढ्यासाठी हे सहपत्र. ते अर्जाचा भाग धरले नाही तरी माझी हरकत नाही.

मी भारतीय नागरिक आहे, राहणार नारायण बाग, इंदूर. दारिद्र्यरेषेखालील नाही. राहते मध्य प्रदेशात, पण माहेरचे घर आपल्या शहरात आहे आणि त्याच घराच्या तळमजल्यावर गिरणी व मिरची-मसाल्याचा डंक बसवण्यासाठी माझ्या नावाने अर्ज केला आहे. कायद्याच्या कलम ३ ला अर्जदार नागरिक असला की पुरते, तो कोणत्या राज्यात राहतो याची अट नाही. हे लिहावे लागते आहे, कारण ‘बाहेरगावच्या अर्जदाराला फाइल दाखवता येते का, बघावे लागेल’ असे मला खिडकीवर ऐकवण्यात आले होते.

कारण सांगण्याचे बंधन कलम ६(२) प्रमाणे माझ्यावर नाही. तरीही थोडे सांगते, म्हणजे नस्ती शोधणाऱ्याला नेमके काय काढायचे ते कळेल.

मार्चमधल्या पाहणीत आपल्या निरीक्षकांनी जागा मोजली, मोटारीची अश्वशक्ती टिपून घेतली आणि डंकाखाली रबरी गाद्या घालाव्यात, पिठाची धूळ बाहेर जाऊ नये म्हणून कापडी फिल्टर लावावा असे तोंडी सांगितले. दोन्ही कामे करून घेतली. पुढे लेखी त्रुटी आल्या त्या वेगळ्याच निघाल्या: घराच्या उताऱ्याची ताजी प्रत आणि आईचे संमतीपत्र. तीही दिली आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतली. त्या पोचेनंतर एकही पत्र नाही. मंजुरी नाही, नकार नाही, नवी त्रुटीही नाही. चौकशी केली की ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढेच उत्तर. थ्री-फेज मीटर बसला आहे, त्याचा स्थिर आकार दरमहा भरते आहे, आणि डंक प्लास्टिक पांघरून उभा आहे.

नस्तीच पाहायची असे ठरवले ते एका पानामुळे. संबंधित लिपिकांनी माझ्यासमोर नस्ती उघडली होती. मला ती उलटीच दिसत होती, पण टिप्पणीच्या शेवटच्या भरलेल्या पानावर खाली तिरप्या अक्षरात ‘चर्चा करावी’ असा शेरा आणि आद्याक्षरे होती. खाली पान कोरे. चर्चा करायची म्हणजे कोणी कोणाशी? झाली का? झाली असेल तर तिचा निष्कर्ष नस्तीवर कोणी नोंदवला? शेरा मारून नस्ती खाली गेली ती तिथेच राहिली, की नंतर वर चढून पुन्हा उतरली? याचे उत्तर ‘कार्यवाही सुरू आहे’ या तीन शब्दांत मिळत नाही. म्हणूनच मला सद्यःस्थितीचा अहवाल नको आहे. कोणी तयार करून दिलेला गोषवाराही नको. जे लिहिले गेले आहे ते, ज्या कागदावर लिहिले गेले त्या कागदावर पाहायचे आहे.

त्यासाठी माझ्या अर्जाची संपूर्ण मूळ नस्ती, टिप्पणी विभाग आणि पत्रव्यवहार विभाग दोन्ही, आहे त्या क्रमाने व आहे त्या पृष्ठांकनासह समोर ठेवावी. पाहणी अहवाल, त्यावरील वरिष्ठांचे शेरे, इतर शाखांकडून आलेले अभिप्राय आणि नस्तीला टाचलेल्या चिठ्ठ्या हे सगळे त्यात आले. यासोबत आवक-जावक नोंदवहीतील आणि संबंधित लिपिकांच्या कार्यविवरण नोंदवहीतील माझ्या प्रकरणाच्या नोंदीही पाहायच्या आहेत. नस्ती कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होती ते तिथूनच कळते. प्रकरण संगणकावर चालवले असेल, तर त्यावरील हालचालींचा तक्ता पडद्यावर दाखवला तरी चालेल. पृष्ठ क्रमांक घातलेले नसतील तर निरीक्षणाआधी घालून घ्यावेत, मात्र पाने नव्याने लावू नयेत, ही विनंती.

टिप्पणी ही कार्यालयाची अंतर्गत बाब, ती दाखवत नाहीत, असे मला दोघांनी सांगितले. दोघेही सज्जन आहेत, पण हा मुद्दा जुना होऊन निकालात निघाला आहे. कलम २(झ) मधील ‘अभिलेख’ या व्याख्येत नस्ती आहे आणि २(च) मध्ये ‘अभिप्राय’ व ‘सल्ला’ही आहेत. केंद्रीय माहिती आयोगाने जानेवारी २००६ मध्येच टिप्पण्या माहितीच्या व्याख्येत येतात असा निर्णय दिला. त्याच वर्षी टिप्पण्या वगळणारी दुरुस्ती आणण्याचा केंद्र सरकारचा विचार होता. देशभर विरोध झाला आणि तो मागे पडला. जून २००९ मध्ये केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने कलम ८ खाली येणारा भाग सोडून टिप्पण्या देता येतात, असे लेखी स्पष्ट केले. निरीक्षणाचा, टिपणे काढण्याचा आणि प्रमाणित प्रती घेण्याचा हक्क कलम २(ञ) मध्ये आहेच. त्याशिवाय कलम ४(१)(घ) सांगते की प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवावीत. माझ्या प्रकरणात निर्णयच झालेला नाही, तेव्हा तो का झाला नाही हे तरी मला वाचू द्यावे.

आता शेजाऱ्यांच्या तक्रारीबद्दल. कोणीतरी डंकाच्या आवाजाविरुद्ध अर्ज दिला आहे, असे मला तोंडी सांगण्यात आले. तो खरोखर असेल तर नस्तीत असणारच. तक्रारदाराचे नाव-पत्ता मला नको. आम्हाला त्याच गल्लीत राहायचे आहे आणि नावे कळून कोणाचेच भले व्हायचे नाही. कलम १० प्रमाणे तेवढा भाग झाकून मजकूर दाखवावा, म्हणजे तक्रार आवाजाची आहे, धुळीची आहे की रस्त्यावर लागणाऱ्या गाड्यांची, हे पाहून मला उपाय तरी करता येईल. कलम ८(१)(ञ) चे शब्द डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे बदलले आहेत, हे मला माहीत आहे. पण माझ्याच अर्जावर अधिकाऱ्यांनी पदाच्या नात्याने लिहिलेले शेरे ही त्यांची वैयक्तिक माहिती होत नाही, आणि कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताची तरतूद जागेवरच आहे. तक्रारदाराला त्रयस्थ पक्ष म्हणून कलम ११ ची नोटीस देणे आपल्याला आवश्यक वाटले तर अवश्य द्यावी, फक्त त्या एका कागदासाठी बाकीची नस्ती अडवू नये. ‘चौकशी चालू आहे’ म्हणून कलम ८(१)(ज) लावायचे झाले, तर निरीक्षणाने कोणत्या चौकशीत नेमका काय अडथळा येतो ते उत्तरात लिहावे. चौकशी चालू असणे एवढेच कारण त्या कलमाला पुरत नाही.

नस्ती सध्या नगररचना किंवा अग्निशमन शाखेत गेली असल्यास कलम ५(४) खाली ती मागवून घ्यावी. एकाच कार्यालयाच्या दोन शाखांमध्ये माझा अर्ज फिरवला जाऊ नये. सापडतच नसेल तर तसे लेखी कळवावे. ते उत्तरही मला उपयोगी पडेल.

तारखेविषयी. जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, अशी सूचना राज्य शासनाने २०१८ मध्ये दिली आहे. मला सोमवार सोयीचा आहे. इंदूरहून रात्रीच्या गाडीने सेंधव्याचा घाट उतरून सकाळी पोहोचता येते. त्यामुळे सोमवार, २२ डिसेंबर किंवा सोमवार, २९ डिसेंबर २०२५ यांपैकी एक दिवस ठरवून कळवावा. सुट्टी, निवडणुकीचे काम किंवा बैठक यांमुळे दिवस बदलावा लागला तर निदान तीन दिवस आधी निरोप मिळावा, कारण आल्यावर ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ ऐकून परत जाणे मला आता परवडत नाही. दूरध्वनी क्रमांक व ई-मेल जोडपत्रात आहेत.

निरीक्षणाला माझा भाचा सोबत असेल. तो तिथेच राहतो आणि माझ्यापेक्षा भरभर लिहितो. टिपणे आम्ही पेन्सिलने काढू, कागदांवर खूण करणार नाही. आवश्यक पानांचे मोबाइलने छायाचित्र घेऊ द्यावे. ते आपल्याला मान्य नसेल तर आम्ही सांगू त्या पानांच्या प्रमाणित प्रती नियमाप्रमाणे प्रतिपृष्ठ २ रुपये घेऊन द्याव्यात. निरीक्षणाचा पहिला तास निःशुल्क असतो, पुढच्या वेळेचे नियमानुसार शुल्क जागेवरच भरीन. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आहे. महाराष्ट्राचा स्टँप इंदुरात कुठून मिळणार, तो भाच्याने घेऊन पाठवला.

मागणी पूर्णपणे किंवा अंशतः नाकारायची झाल्यास कोणते पान, कोणत्या पोटकलमाखाली आणि का, हे लिहून प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांचे नाव व पत्ता द्यावा. कलम ७(१) ची तीस दिवसांची मुदत आपल्याला अर्ज मिळाल्यापासून मोजली जाईल. त्यानंतर मी कलम १९(१) खाली अपील करीन. तशी वेळ येऊ नये असे मनापासून वाटते. आपल्या शाखेत कामाला माणसे किती थोडी आहेत ते खिडकीपाशी उभे राहून दिसते. नस्ती मात्र एकच आहे आणि फार जाडही नाही.

हे पत्र परवाना मिळावा म्हणून केलेला विनंती अर्ज नाही. त्यासाठी लागेल ते महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली स्वतंत्रपणे करीन, पण टिप्पण्या वाचून झाल्यावर.

आपली विश्वासू,

(स्वाक्षरी)
वंदना पिंगळे
नारायण बाग, इंदूर (मध्य प्रदेश)

सोबत : जोडपत्र ‘अ’ (कोर्ट फी स्टँपसह); ११ फेब्रुवारीच्या अर्जाची पोच; १७ एप्रिलच्या त्रुटी-पत्राची प्रत; २८ एप्रिलच्या पूर्ततेची आवक शिक्क्याची पोच; ओळखपत्राची छायाप्रत; स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट.