कपाटात आहे तेच, पण नीट

बसा सगळे. मागे ऐकू येतंय ना?

सोमवारी पहिली कंपनी मुलाखतींसाठी येतेय आणि कालपासून चौघांनी मला एकच विचारलं, "मॅडम, ब्लेझर घ्यावाच लागेल का?" नाही. कर्ज काढून तर अजिबात नाही. प्लेसमेंटचं काम बघताना मी हेच पाहत आलेय, की नव्याकोऱ्या, अंगावर न रुळलेल्या कपड्यांत मुलं अवघडून बसतात. मग उत्तरंही तशीच अवघडलेली येतात.

आज रूमवर गेलात की कपाट उघडा. फिका, साधा शर्ट आणि गडद पँट, किंवा साधा कुर्ता-सलवार, एवढं बहुतेकांकडे निघेल. ते घाला आणि खुर्चीवर बसा. उभं राहून आरशात सगळंच बरं दिसतं. बसल्यावर शर्टाच्या गुंड्यांमध्ये फट पडते का? पँट वर सरकून पोटरी दिसते का? खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच आहे का? शर्ट अंगात ढगळ असेल तर शिंपी बाजूची शिवण आत घेऊन देतो, पँटची लांबीही कमी-जास्त करता येते. खांदा मात्र उतरत असेल तर तो शर्ट सोडा, ती दुरुस्ती सोपी नाही.

इस्त्रीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण सगळा फरक तिथेच पडतो. शर्ट किंचित दमट असतानाच करा. आधी कॉलर, टोकांकडून मध्याकडे, म्हणजे टोकांना चुण्या पडत नाहीत. मग कफ, बाह्या, शेवटी पाठ आणि पुढची बाजू. गडद पँट उलटी करून किंवा वर ओलं फडकं टाकून करा, नाहीतर कापडाला चकाकी येते आणि ती सहसा जात नाही. इस्त्री झाली की लगेच घडी घालू नका, हँगरला लावा.

बूट आदल्या रात्रीच पॉलिश करा. मोजे गडद आणि पोटरीपर्यंतचे. पांढऱ्या शर्टाखाली चित्र छापलेला टी-शर्ट नको, तो दिसतो. मुलींनो, ओढणी दोन ठिकाणी पिन करा, म्हणजे बोलताना हात मोकळे राहतील.

ऑनलाइन मुलाखत असेल तर बारीक रेघांचा शर्ट टाळा. कॅमेऱ्यात त्या रेघा थरथरल्यासारख्या दिसतात.

आणि एक. कुणाकडे खरंच धड शर्ट नसेल, तर मला एकट्यात येऊन सांगा. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, आपण सोय करू.

शनिवारी दुपारी 4 वाजता याच खोलीत इस्त्री, सुईदोरा आणि गुंड्यांचा डबा ठेवतेय. सोमवारी घालणार तेच कपडे आणि बूट घेऊन या. इथे घालून बघू, बसून बघू.