राजीनामा आणि नोटिस कालावधी 90 ऐवजी 45 दिवसांचा करण्याची विनंती

दिनांक : 2 जून 2025

प्रति,
फायनान्स मॅनेजर

विषय : वरिष्ठ लेखापाल (व्हेंडर पेमेंट) या पदाचा राजीनामा आणि 16 जुलै 2025 रोजी कार्यमुक्त करण्याबाबत

आदरणीय सर,

शुक्रवारी आपल्या केबिनमध्ये जे तोंडी बोलले, तेच आज लेखी देत आहे. मी माझ्या पदाचा राजीनामा देत असून तो आजच्या तारखेपासून धरावा. नेमणूकपत्राप्रमाणे माझा नोटिस कालावधी 90 दिवसांचा आहे, म्हणजे शेवटचा दिवस 30 ऑगस्ट येतो. त्याऐवजी मला 16 जुलैला, म्हणजे 45 दिवसांनी, कार्यमुक्त करावे अशी विनंती आहे. व्यवस्थापनाच्या संमतीने हा कालावधी कमी करता येतो, असे त्याच पत्रात म्हटले आहे. त्याच कलमाच्या आधाराने मी हे मागते आहे. तो माझा हक्क आहे असे मी समजत नाही.

कारण आपल्याला थोडेफार माहीत आहे. 8 मे रोजी वडील घरात पडले आणि त्यांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. आता ते वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालतात, पण फिजिओथेरपी किमान तीन महिने चालेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे. उठताना-बसताना धरायला माणूस लागतो आणि आईच्या हातून ते होत नाही. सध्या धाकटी बहीण रजा टाकून तिथे राहिली आहे. तिची रजा 18 जुलैला संपते आणि ती आणखी वाढवून मिळणार नाही. इथून घरी पोचायला एक रात्र जाते, त्यामुळे शनिवार-रविवारच्या फेऱ्यांवर भागणारे हे काम नाही.

दुसरी गोष्टही लपवत नाही. आई-वडिलांच्याच शहरात मला नोकरी मिळाली आहे आणि तिथे 21 जुलैला रुजू व्हायचे आहे. वडील पडण्याच्या आधीपासूनच मी तिकडे काम शोधत होते, त्यामुळे सगळा भार त्यांच्या दुखण्यावर टाकणे बरोबर होणार नाही. पडण्यामुळे एवढेच झाले की जे सावकाश करायचे होते ते घाईने करावे लागत आहे. घरून काम करण्याचा पर्यायही मी विचारात घेतला होता. पण बँकेचे टोकन ऑफिसबाहेर नेता येत नाही आणि पेमेंटच्या कामात टोकनशिवाय मी निम्मीच उपयोगाची.

आता आपली खरी काळजी कोणती, ते मला ठाऊक आहे : गुरुवारचे पेमेंट आणि महिनाअखेरचे क्लोजिंग. आमच्या कामात दिवस मोजण्यापेक्षा क्लोजिंग मोजलेली बरी, असे मला वाटते. 16 जुलैपर्यंत दोन क्लोजिंग येतात. मेचे याच आठवड्यात आहे आणि जूनचे 1 ते 7 जुलैदरम्यान. पहिले मी करीन आणि प्राची शेजारी बसून पाहील. दुसरे प्राची करील आणि मी शेजारी बसेन. ऑगस्टअखेरपर्यंत थांबले तर आणखी एक मिळेल, पण तोवर तिला माझी गरज उरू नये असाच माझा प्रयत्न राहील.

प्राचीचे नाव मी सुचवते आहे, निर्णय आपला. दोन वर्षे ती बिलांच्या नोंदी करते आहे. पीओ, जीआरएन आणि बिल हे तिन्ही जुळवल्याशिवाय ती कागद पुढे सरकवत नाही, आणि हे शिकवून येत नाही. तिला येत नाही ते म्हणजे नाही म्हणणे. कुठला व्हेंडर फोनवर कितीही अजीजी करो, त्याचे बिल गुरुवारच्या यादीत कधी घ्यायचे आणि कधी नाही, हे तिला माझ्याबरोबर बसूनच कळेल. म्हणून 5 आणि 12 जूनच्या याद्या मी करीन, तिच्यासमोर आणि प्रत्येक निवडीचे कारण बोलून दाखवत. 19 आणि 26 जूनच्या आम्ही मिळून करू. 3 आणि 10 जुलैच्या याद्या ती एकटी करील आणि आपल्या सहीसाठी तीच घेऊन येईल. मी मधे पडणार नाही, चूक दिसली तरच बोलेन.

बँक रिकन्सिलिएशन मात्र प्राचीकडे देऊ नये. जो पेमेंट टाकतो त्यानेच बँकेचे स्टेटमेंट जुळवले तर तपासणीला अर्थ राहत नाही. आजवर माझ्याकडे दोन्ही होते, ते खरे तर योग्य नव्हते, माणसे कमी म्हणून चालले. रोहनला हे काम जमेल. त्याच्यासाठी 9 जूनचा आठवडा राखून ठेवला आहे.

मागच्या वर्षी मी चार दिवस रजेवर असताना एकाच बिलाचे पेमेंट दोनदा गेले होते, ते आपल्या लक्षात असेल. एकदा बिल नंबर 118 म्हणून चढले होते आणि एकदा 0118 म्हणून. सिस्टीमला ती दोन वेगळी बिले वाटली. पैसे परत आले, पण दोष माझा होता. नंबरच्या आधीची शून्ये काढून, रक्कम आणि तारीख ताडून पाहायची सवय माझ्या डोक्यात होती, कागदावर कुठेच नव्हती. असे डोक्यात राहिलेले बरेच काही आहे. दोन व्हेंडर भाडे वेगळ्या बिलाने पाठवतात, त्यामुळे माल आला तरी तरतूद अपुरी पडते. एक ट्रान्सपोर्टर वजनातील घट मान्य करतो, पण डेबिट नोट महिना संपल्यावरच घेतो. हे सगळे मी एका वहीत उतरवायला घेतले आहे. 13 जूनला ती प्राचीच्या हाती देईन आणि तिला अडलेले प्रश्न तिनेच समासात लिहावेत असे सांगेन. माझ्यामते ते प्रश्न वहीपेक्षा जास्त कामाचे ठरतील.

एक नियम वहीच्या पहिल्याच पानावर आहे. व्हेंडरचा बँक खाते बदलल्याचा मेल आला, तर आपल्याकडे आधीपासून नोंद असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीही नाही. आणि बदल एकाने टाकायचा, मंजूर दुसऱ्याने करायचा. पेमेंट कितीही तातडीचे असले तरी यात सूट नाही.

अर्धवट कामांविषयी. आजच्या घडीला आपल्याकडे 214 चालू व्हेंडर आहेत आणि त्यातल्या 31 जणांची खाती त्यांच्या स्टेटमेंटशी जुळत नाहीत. बहुतेक फरक किरकोळ आहेत, न आलेल्या क्रेडिट नोटा किंवा वाटेतले पेमेंट. यातले 24 तरी 27 जूनपर्यंत मिटवीन. उरलेल्या सातांत तीन जुने वाद आहेत आणि ते माझ्या राहण्याने मिटणार नाहीत, हे स्पष्ट सांगते. पॅकिंग मटेरियलच्या व्हेंडरचा वाद तर खरेदी विभागाने भावावर निर्णय दिल्याशिवाय सुटायचा नाही. त्या तिघांपैकी प्रत्येकाचा एकेक पानाचा गोषवारा, सोबतचे मेल आणि शेवटचे बोलणे कुणाशी झाले ते लिहून ठेवीन. माल आला पण बिल नाही, अशा नोंदींपैकी 90 दिवसांहून जुन्या 18 आहेत. त्या मी स्टोअरबरोबर बसून जूनच्या क्लोजिंगआधी निकाली काढीन. व्हेंडरना दिलेल्या ॲडव्हान्सची यादी कारणांसह सोबत जोडली आहे.

तिमाहीची तपासणी 21 जुलैला सुरू होते आणि तेव्हा मी नसेन. माझ्या विनंतीतली सर्वात कच्ची बाजू हीच, हे मला मान्य आहे. त्यासाठी ऑडिटर दरवेळी मागतात ते एजिंग, बॅलन्स कन्फर्मेशन, तरतुदींचा तक्ता आणि त्या कुठल्या महिन्यात उलटवल्या त्याच्या नोंदी, हे सर्व 14 जुलैपर्यंत एका फोल्डरमध्ये तयार असेल. शिवाय 31 ऑगस्टपर्यंत संध्याकाळी सातनंतर मी फोनवर उपलब्ध राहीन. प्राची, रोहन किंवा आपण, कुणीही विचारावे. कुठली नोंद का केली एवढे मी सांगू शकेन. कंपनीचा डेटा मात्र मी माझ्याकडे ठेवणार नाही आणि सिस्टीममध्ये येणारही नाही.

माझा पासवर्ड मी कुणाला सांगून जाणार नाही. प्राचीला तिचे स्वतःचे अधिकार मिळावेत म्हणून आयटीकडे अर्ज आपल्या सहीने 6 जूनपूर्वी गेला तर बरे, कारण बँकेकडून नवे टोकन यायला वेळ लागतो. माझे टोकन, लॅपटॉप, ड्रॉवरच्या किल्ल्या आणि ओळखपत्र 16 जुलैला दुपारी जमा करीन. माझे सर्व अधिकार त्याच दिवशी बंद करावेत.

हिशेबाचे सांगायचे तर 45 दिवस कमी पडतात. माझी 14 दिवसांची रजा शिल्लक आहे, ती त्यात वळती करावी. उरलेल्या 31 दिवसांची वसुली माफ व्हावी अशी विनंती आहे. ती नियमात बसत नसेल तर अंतिम हिशेबातून कापून घ्यावी, त्याबद्दल माझी तक्रार राहणार नाही.

16 जुलै अगदीच अडचणीचा वाटला, तर नव्या ठिकाणी विचारून ठेवले आहे. ते 28 जुलैपर्यंत थांबायला तयार आहेत. तसे झाल्यास मी 25 जुलैपर्यंत राहीन आणि तपासणीचे पहिले पाच दिवस इथेच असेन. घरी त्या आठवड्यापुरती मावशीला बोलवावे लागेल, तिचेही वय झाले आहे. म्हणून पहिली विनंती 16 चीच. पण हा मार्ग बंद नाही, हे आपल्याला माहीत असावे.

सहा वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हा मला डेबिट नोट कुठल्या बाजूला पडते तेही दोनदा विचारावे लागले होते, आणि दुसऱ्यांदाही आपण न चिडता सांगितले होते. ते विसरलेले नाही.

नव्या ठिकाणी तारीख कळवायची असल्याने 9 जूनपर्यंत लेखी उत्तर मिळाल्यास सोयीचे होईल. प्राचीशी मी अजून काही बोललेले नाही. आपण सांगितल्यावर बुधवारपासून तिला शेजारी बसवते.

आपली विश्वासू,
सुजाता
वरिष्ठ लेखापाल, व्हेंडर पेमेंट

सोबत : न जुळणाऱ्या 31 खात्यांची यादी, ॲडव्हान्सची यादी, 2 जून ते 16 जुलैचे हस्तांतर वेळापत्रक, डॉक्टरांच्या पत्राची प्रत
प्रत : मनुष्यबळ विभाग