पहिला नंबर, आणि काणकोणच्या त्या देशकाराला सलाम

म्हार्दोळला काल नाट्यगीत स्पर्धेत माझा पहिला नंबर आला! समई घरी पोचलीसुद्धा, आईने तेल घालून ती लावलीपण.

पण खरं सांगू? सकाळी काणकोणच्या मुलीने देशकारातलं पद सुरू केलं आणि माझे हात गार पडले. मी भूप घेऊन बसलेले. स्वर तेच पाच. पण ती धैवतावर अशी काही थांबली की सभामंडपातले पंखेसुद्धा ऐकू येईनासे झाले. तिचा दुसरा नंबर आला. परीक्षक मी असते तर निकाल उलटा लागला असता. (बरं झालं नव्हते.)

डिचोलीच्या काकांचं वय ६८, स्पर्धेत पहिल्यांदाच उतरलेले. दुसऱ्या कडव्यात शब्द विसरले, तर हसून आलापीच करत राहिले. सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यांनाच!

पेडण्याच्या दादा, माझा तानपुरा ऐनवेळी बिघडला तेव्हा तू न मागता तुझा पुढे केलास. देव बरें करूं.

पेटी-तबल्यावरच्या दोघांनी दिवसभर आम्हा बावीसजणांना सांभाळलं. पुढच्या रविवारी सगळ्यांनी आमच्याकडे या. पातोळ्या आईच्या, गाणं तुमचं.

#नाट्यगीत #म्हार्दोळ #गोंय