गुरुवारच्या चारच्या मीटिंगबद्दल विचारायचं होतं

सुहास सर, नमस्कार,

तुमचं इन्व्हाइट काल संध्याकाळी आलं. गुरुवार 20 तारीख, चार वाजता, महापे गोडाऊन, वरची कॉन्फरन्स रूम, एवढं कळलं. विषयाच्या जागी नुसतंच "चर्चा - अर्जंट" आहे आणि खाली काहीच लिहिलेलं नाही, म्हणून अ‍ॅक्सेप्ट करायच्या आधी विचारतेय, नेमकं कशासाठी बसायचंय? यायला माझी ना नाहीच, फक्त काय घेऊन यायचं आणि कोणाला घेऊन यायचं ते आधी कळलं तर बरं पडेल, नाहीतर सगळे तुमच्यासमोर बसून लॅपटॉपमध्ये फाइल शोधत बसणार.

माझ्या डोक्यात दोन-तीन गोष्टी येतायत, त्यातलीच एखादी असेल तर नुसतं "हो ही" म्हणा.

एक म्हणजे ती नाशिकची गाडी, पडघ्याच्या पुढे बंद पडली आणि ई-वे बिलाची मुदत संपली ती. तेच असेल तर खरं सांगू का, अकाउंट्सपेक्षा डिस्पॅचमधल्या प्रशांतची आणि ट्रान्सपोर्टरच्या माणसाची जास्त गरज आहे, आणि इन्व्हाइटमध्ये ते दोघंही नाहीयेत. 200 किलोमीटरपर्यंत बिलाला एकच दिवस मिळतो, आणि मुदत वाढवायची तर ती संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंतच वाढवता येते, आणि ते करायचं असतं त्यावेळी माल ज्याच्या गाडीत आहे त्या ट्रान्सपोर्टरने. म्हणजे रात्री गाडी बंद पडली की ड्रायव्हरने फोन कोणाला करायचा एवढंच ठरवायचंय, ते ही माणसं समोर असतील तर पटकन ठरेल. आम्ही वागळेतून येऊन त्यात काय भर घालणार.

दुसरं म्हणजे स्टॉकचा फरक. तसं असेल तर मी नक्की येते आणि रूपालीलाही आणते, कारण लेजर तिच्याकडे आहे. पण मग तुमच्याकडच्या स्टोअरकीपरला मोजणीचा कागद घेऊन बसवा प्लीज. कागदाशिवाय बसलो तर आम्ही म्हणणार आकडा असा, तुम्ही म्हणणार तसा, आणि पुन्हा पुढच्या आठवड्यात तीच मीटिंग.

आणि तिसरं, वाराईचे दर. मुकादम काही बोललाय असं कानावर आलंय, खरं-खोटं माहीत नाही. ते असेल तर एक विनंती, राग मानू नका, इन्व्हाइटमध्ये अकरा जण आहेत आणि त्यात आपली नवीन मुलंही आहेत. पैशाचं बोलणं आधी तुम्ही, मी आणि पाटील सर एवढ्यांतच झालेलं बरं, नाहीतर आपलं ठरायच्या आधीच गोष्ट खाली टोळीपर्यंत पोचलेली असेल.

यातलं काहीच नसेल तरी सांगा, मी उगाच अंदाज बांधत बसणार नाही. आणि मीटिंगमधून शेवटी काय हवंय तेही जमलं तर लिहा, म्हणजे निर्णय घ्यायचाय की फक्त सगळ्यांच्या कानावर घालायचंय. नुसतं कानावर घालायचं असेल तर तुमचा मेलही पुरेल.

वेळेचं पण थोडं बघाल का. 20 तारीख म्हणजे 3बी ची शेवटची तारीख, आणि त्या दिवशी संध्याकाळी पोर्टल कसं रडतं ते तुम्हाला माहितीये. मी आणि संजय दोघंही इन्व्हाइटमध्ये आहोत, म्हणजे चारला महाप्यात पोचायचं तर तीनच्या आधीच निघायला लागणार, ठाण्याला जाऊन ट्रान्स-हार्बर, कोपरखैरण्याला उतरून पुढे रिक्षा, आणि परत येताना सहाची गर्दी. आमचा प्रयत्न आदल्या दिवशीच भरायचा असतो, पण कोणाचं तरी बिल शेवटच्या दिवशी येतंच. तेव्हा दोघांपैकी एकाला इथे बसू द्या. किंवा शुक्रवारी सकाळी अकराला ठेवली तर दोघंही निवांत येतो. तेही जमत नसेल तर गुरुवारी सकाळी वीस मिनिटं फोनवर बोलू.

उद्या दुपारपर्यंत दोन ओळी टाकल्यात तरी चालेल, विषय काय आणि कोणाकोणाला यायचंय एवढंच. तोपर्यंत इन्व्हाइट "मे बी" वर ठेवलंय, नाही म्हटलंय असं समजू नका.

मेधा
अकाउंट्स, वागळे इस्टेट

ता.क. स्टॉकचंच असेल तर मोजणीचा कागद आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवा, रूपाली इथेच जुळवून ठेवेल.