कडक भाकरीच्या कर्जासाठी बँकेच्या समितीपुढे

नमस्कार साहेब, नमस्कार मॅडम. मी सोलापूरची, कडक भाकरी आणि शेंगा चटणी करते. मला सहा लाख रुपये पाच वर्षांसाठी हवे आहेत. अकरा टक्के व्याज धरलं तर हप्ता तेरा हजारांच्या आसपास बसतो. हा हप्ता मी कुठून भरणार, तेवढंच आज सांगते.

आत्ता आम्ही पाच जणी सकाळचे पाच तास बसून रोज 700 भाकरी करतो, महिन्याला पंचवीस दिवस. दुकानदाराला भाकरी आठ रुपयांना देते. त्यात ज्वारी आणि दळण 3 रुपये 80 पैसे, बायकांची मजुरी 1 रुपया 60 पैसे, गॅस 60 पैसे, पॅकिंग 40 आणि रिक्षा-टेम्पो 20 पैसे. सहा रुपये साठ पैसे झाले. माझ्याकडे 1 रुपया 40 पैसे उरतात, म्हणजे महिन्याला 24,500. ज्वारी मी मंगळवेढ्याची मालदांडीच घेते, सुगीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, भाव उतरलेला असतो तेव्हा. दुसऱ्या ज्वारीची भाकरी पातळ थापताना चिरते.

पण हा कोरड्या महिन्यांचा हिशेब आहे. तुम्ही मला पावसाळ्याचा विचारा. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, तव्यावरून कडक निघालेली भाकरी चार दिवसांत सादळते आणि शंभरातल्या सात-आठ दुकानातून परत येतात. गेल्या ऑगस्टला माझ्या हातात फक्त 14,200 आले. वर्षातला माझा सगळ्यात वाईट महिना तो. त्या महिन्यातसुद्धा तेरा हजारांचा हप्ता निघतो, एकही भाकरी जास्त न विकता. घर माझ्या मिस्टरांच्या पगारावर चालतं, ते यंत्रमागावर आहेत. धंद्यातला पैसा मी घरात नेत नाही, दोन्ही खाती वेगळी आहेत, स्टेटमेंट फाईलला जोडलंय.

एकूण खर्च साडेसात लाखांचा आहे. त्यातले दीड लाख माझे. सगळ्यात मोठी वस्तू ड्रायर, 3 लाख 20 हजार. बाकी पीठ मळायचं यंत्र, गॅसची मोठी भट्टी, पॅकिंग मशीन, थ्री फेज जोडणी आणि रॅक-टेबलं. थापायचं मशीन मी मागत नाही. गिऱ्हाईक हातावरच्या भाकरीचेच पैसे देतं, आणि थापणाऱ्या बायकांचा रोजगार मला घालवायचा नाही. उलट ड्रायर आला की पाचाच्या आठ जणी होतील आणि रोजच्या भाकरी 1,200 वर जातील. वाढीव पाचशेतल्या चारशेंची मागणी पुण्यातल्या दोन आणि तुळजापूरच्या एका दुकानाने लेखी दिली आहे. उरलेल्या शंभर मी सोलापुरातच खपवते, आज रोज तेवढ्याला नाही म्हणावं लागतं. ड्रायरचं वीजबिल सहा हजार धरलं तरी महिन्याला 36,000 राहतात.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून 35 टक्के अनुदान बसतं, 2 लाख 62 हजार. ते मी परतफेडीत एक रुपयाही धरलेलं नाही. ते तीन वर्षं खातं चांगलं राहिलं तरच जमा होतं, आणि तोवर हप्ते मलाच भरायचे आहेत.

आता माझ्या सिबिलवर एक डाग दिसेल, तो तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगते. 2019 ला मुद्रा शिशूचे पन्नास हजार घेतले होते. लॉकडाऊनमध्ये तीन महिने सवलत घेतली, तेव्हा दुकानंच बंद होती. पुढे 2022 मध्ये एका दुकानदाराचा चेक वटला नाही आणि माझा हप्ता नऊ दिवस उशिरा गेला. दंडासकट भरला, कर्ज पूर्ण फेडलं, नो ड्यूज दाखला जोडलाय. त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली. कुठल्याही एका दुकानाकडे पंधरा दिवसांपेक्षा जास्त उधारी नाही, आणि एकूण मालाच्या चौथ्या भागाहून जास्त माल एका दुकानात नाही. त्याआधी बचत गटातून वीस हजार घेतले होते, त्याचा तर एकही हप्ता चुकला नव्हता. गटात हप्ता चुकला की शेजारणीला तोंड दाखवता येत नाही, ती सवय अंगात भिनली आहे.

आणि सहा हप्त्यांचे 78,000 मी मुदत ठेवीत बाजूला ठेवलेत. दीड लाखांत ते धरलेले नाहीत. कर्ज मंजूर झालं तर त्या पावतीवर बँकेचा बोजा चढवा, माझी तयारी आहे. मी आजारी पडले, ज्वारी महागली, काहीही झालं, तरी सहा महिने तुम्हाला माझ्या दारात यावं लागणार नाही.

एकच विनंती आहे. ड्रायर ऑर्डर दिल्यापासून सहा आठवड्यांनी येतो आणि तो मृगाआधी बसायला हवा. म्हणून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात निर्णय झाला तर या वर्षीचा पावसाळा माझ्या हातातून जाणार नाही. ही तीन वर्षांची रोजची वही, परत आलेल्या भाकरीसुद्धा तारखेनिशी लिहिल्या आहेत. कुठलंही पान उघडा आणि विचारा.