फायबर इंटरनेट वारंवार बंद पडण्याची तक्रार : दूरध्वनी संभाषणाचा सारांश

मंगळवारी सायंकाळी ग्राहक आणि आपल्या प्रतिनिधी यांच्यात झालेल्या 22 मिनिटांच्या संभाषणाच्या लेखी नोंदीवरून हा सारांश तांत्रिक व बिलिंग विभागांसाठी तयार केला आहे.

तक्रार

ग्राहकाच्या घरचे इंटरनेट गेल्या तीन आठवड्यांपासून रोज संध्याकाळी बंद पडते आणि त्या वेळी राउटरशेजारच्या यंत्रावरील LOS हा दिवा लाल होतो. यापूर्वी आलेल्या तंत्रज्ञाने केवळ राउटर बदलला आणि ग्राहकाला न विचारताच तक्रार ‘निवारण झाले’ म्हणून बंद केली. ग्राहकाचा रोष प्रामुख्याने याच गोष्टीवर आहे आणि तो रास्त आहे, कारण LOS चा लाल दिवा प्रकाश-संकेत यंत्रापर्यंत पोहोचत नसल्याचे सांगतो आणि राउटर बदलून तो दोष जात नाही.

संभाषणातील सर्वांत उपयोगी माहिती ग्राहकाने अकराव्या मिनिटाला, जाता जाता दिली. फायबरची तार खिडकीच्या चौकटीतून आत येते आणि संध्याकाळी खिडकी लावली की ती पल्ल्याखाली दाबली जाते. प्रतिनिधीने खिडकी उघडायला सांगितल्यावर काही क्षणांत लाल दिवा विझला आणि जोडणी पूर्ववत झाली. तार तीव्र कोनात वाकली की प्रकाश बाहेर निसटून संकेत क्षीण होतो, त्यामुळे दोष बहुधा तिथेच आहे. मात्र प्रत्यक्ष मोजणी झालेली नाही.

दिलेली आश्वासने

गुरुवारी सकाळी 10 ते 12 या वेळेत तंत्रज्ञ पॉवर मीटर घेऊन येईल, तार सदोष आढळल्यास ती विनाशुल्क बदलून दुसऱ्या मार्गाने आत घेतली जाईल आणि ग्राहकाने होकार दिल्याशिवाय तक्रार बंद केली जाणार नाही, अशी तीन आश्वासने प्रतिनिधीने स्पष्ट शब्दांत दिली.

बिलातील सवलतीबाबत मात्र ‘होईल बहुतेक, मी वर कळवते’ एवढेच उत्तर दिले गेले. हे आश्वासन नव्हे, परंतु ग्राहकाने त्यावर ‘ठीक आहे, मग पुढच्या बिलात बघतो’ असे म्हटल्याने त्यांनी ते होकार म्हणून घेतल्याचे दिसते. हा गैरसमज बिल हाती पडण्यापूर्वीच दूर व्हायला हवा.

ठरलेली पुढील कार्यवाही

तंत्रज्ञ निघण्यापूर्वी ग्राहकाला फोन करील; तोपर्यंत ग्राहक ती खिडकी उघडी ठेवतील. भेटीच्या वेळी खिडकी उघडी असताना आणि लावलेली असताना, अशा दोन्ही स्थितींतील संकेताची पातळी तक्रारीत नोंदवली जाईल. सवलतीची विनंती प्रतिनिधीने बिलिंग विभागाकडे पाठवायची असून, ती मान्य असो वा नसो, त्या विभागाने शुक्रवारपर्यंत ग्राहकाला लेखी कळवावे, अशी माझी शिफारस आहे. हा मुद्दा संभाषणात ठरलेला नाही. रविवारी संध्याकाळी, खिडकी लावण्याच्या वेळेनंतर, तीच प्रतिनिधी ग्राहकाला फोन करून जोडणी टिकली का हे विचारील आणि त्यानंतरच तक्रार बंद करण्याचा निर्णय होईल.